टाकेकाकांचे सहा टाके

मातीचे पाईप आणि कुंड्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात टाकेकाकांच्या हातचा एक तरी टाका अंगावर नसलेला कामगार शोधून सापडला नसता. कोणाच्या भुवईवर, कोणाच्या अंगठ्याच्या मुळाशी, कोणाच्या कोपरावर. लोक ते व्रण एकमेकांना दाखवायचे आणि कोणाचा जास्त पुसट झालाय यावर पैजा लावायचे. काकांचं खरं नाव हजेरीपत्रकावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. एकदा नव्या मॅनेजरने त्या नावाने हाक मारली तर काका मागे वळून कोण आलंय ते बघायला लागले.

गेटला लागून त्यांची प्रथमोपचाराची खोली. एक बाकडं, एक लोखंडी कपाट, हात धुवायचं बेसिन, उपकरणं उकळायचं भांडं आणि खिडकीत एक कुंडी. आठवड्यातून दोनदा कारखान्याचे डॉक्टर येत, उरलेले दिवस काकांचे. वरवरची जखम असेल तर धुवून टाके घाला, खोल असेल तर हात न लावता इस्पितळात पाठवा, असं डॉक्टरांनी त्यांना स्वच्छ सांगून ठेवलं होतं. काका ते पाळायचेही. पण सत्तावीस वर्षं एकाच खोलीत राजा म्हणून बसलेल्या माणसाला वरवरचं कुठे संपतं आणि खोल कुठे सुरू होतं हे आपल्यालाच सगळ्यांत जास्त कळतं असं वाटायला लागतं. काकांना तसं वाटायला लागलं होतं.

शिवणाची आवड त्यांना आधीपासूनची. वडील शिंपी होते. काका तरुणपणी एका मोठ्या इस्पितळात वॉर्डात मदतनीस म्हणून लागले आणि तिथल्या थोरल्या नर्सबाईंकडून मलमपट्टी, इंजेक्शन आणि टाके शिकले. बायको लवकर गेल्यावर लेकीचे फ्रॉक त्यांनीच शिवले, तिच्या लग्नातल्या कपड्यांची काठशिवणही त्यांचीच. दोन टाक्यांमधलं अंतर डोळ्याला टोचलं की त्यांना जेवण जात नसे. जखमेच्या बाबतीतही तेच. कडेला कड अशी बसवायची की आत वारा जायला नको, हे ते अभिमानाने सांगायचे. पुढे हेच वाक्य त्यांना आठवून आठवून छळणार होतं.

लेक दिली ती याच कारखान्यातल्या एका बाईंच्या घरी. विहीणबाई माती कालवण्याच्या विभागात मुकादम होत्या. चिमूटभर माती दोन बोटांत चुरडून त्या ओलावा किती, वाळू किती ते सांगायच्या आणि यंत्राचा आकडा चुकला तरी बाईंचा चुकत नसे. त्यांच्या हाताखालचे पंधरा जण त्यांना टरकून असत. नाकावर माशी बसू न देणारी बाई. लग्नात जेवणात मीठ कमी, खुर्च्या कमी, आणि वरबापाच्या जागी उभं राहायला माणूस नाही म्हणून व्याह्यांनी दुप्पट हसायला हवं होतं तेही कमी, अशी यादी त्यांनी काकांना ऐकवली होती. काका समोर मान डोलवायचे आणि मागे लेकीजवळ म्हणायचे, "तुझ्या सासूबाईंना स्वर्गात जागा मिळाली तरी त्या तिथली लादी बघतील." लेक हसायची, पण सासूशी तिचं छान जमत होतं. काकांना त्याचा आनंदही वाटायचा आणि थोडी असूयाही.

त्या बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास चौघांनी विहीणबाईंना खुर्चीवर बसवून खोलीत आणलं. आवारातल्या मातीच्या ढिगावरून त्या घसरल्या होत्या आणि ढिगात रुतलेल्या मोडक्या साच्याची गंजकी सळई त्यांच्या उजव्या पोटरीत घुसली होती. सळई त्यांनी स्वतःच ओढून काढली होती. निळ्या जाड विजारीला पोटरीच्या जागी भोक पडलं होतं आणि विजार गुडघ्यापर्यंत चिखलाने माखली होती.

काकांनी विजारीचा पाय वर दुमडला. जखमेचं तोंड दोन बोटं लांब, रक्त फार नव्हतं. जखम तिरकी आत गेलेली दिसत होती, किती आत ते दिसत नव्हतं. काका क्षणभर थांबले आणि म्हणाले की इस्पितळात दाखवलेलं बरं. विहीणबाईंनी डोळे वटारले. तिथली शिकाऊ पोरं गोणी शिवल्यासारखं शिवतात, शेजारणीच्या हातावर बघितलंय मी, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी असं काही म्हटलं जे सोयरीक झाल्यापासूनच्या आठ वर्षांत म्हटलं नव्हतं.

"व्याहीबुवा, शिवणात तुमचा हात धरणारा कोणी नाही. तुम्हीच घाला."

खोलीत चार माणसं उभी होती. चौघांनी ऐकलं. काकांचे कान गरम झाले. त्यांनी जखम मिठाच्या पाण्याने धुतली, तोंडाशी जेवढी माती दिसली तेवढी काढली. चिमटा आत घालून तळ शोधायला हवा होता, हे त्यांना ठाऊक होतं. पण चिमटा टेकवताच विहीणबाईंनी असा श्वास आत ओढला की काकांचा हात मागे आला. दुसरा कोणी असता तर त्यांनी दटावलं असतं. विहिणीला कसं दटावणार? मग बधिर करायचं इंजेक्शन दिलं आणि पुन्हा आत न शिरता सगळ्यांत बारीक सुई, सगळ्यांत बारीक दोरा घेऊन सहा टाके घातले. सत्तावीस वर्षांतले सगळ्यांत देखणे. धनुर्वाताचं इंजेक्शन टोचलं, गोळ्या दिल्या, पट्टी बांधली. विहीणबाईंनी पट्टीआधी वाकून शिवण पाहिली आणि काही बोलल्या नाहीत. त्यांच्याकडून न बोलणं म्हणजे पदकच.

खोलीतली एक जुनी विजार काकांनी त्यांना घालायला दिली आणि फाटकी ठेवून घेतली. विहीणबाईंनी उद्या विजारीवरून बोलायला नको. संध्याकाळी घरी ती धुवून, वाळवून काका रफू करायला बसले. भोक नाण्याएवढं. कडा जवळ ओढल्या तर कापडाला चुण्या पडत होत्या, म्हणून त्यांनी खिशाच्या आतून तेवढंच निळं कापड कापून ठिगळ लावलं आणि भोवती इतकं बारीक रफू केलं की लांबून ओळखू येऊ नये. तेवढ्यात लेकीचा फोन आला. आईंचा पाय फार दुखतोय, म्हणाली. बधिरपणा उतरला की दुखणारच, काका म्हणाले आणि वेदनाशामक किती द्यायचं ते सांगितलं. फोन ठेवून ते स्वतःशीच हसले. घातलेल्या टाक्यांबद्दल बोलायला जागा नाही, मग दुखण्याबद्दल बोलणार.

सकाळी सातला पुन्हा फोन. रात्रभर झोप नाही, पट्टी घट्ट वाटते म्हणतात, पाय जड झालाय. काकांनी पट्टी सैल करायला सांगितली. लेक म्हणाली, "बाबा, त्या ओरडत नाहीयेत. नुसत्या गप्प आहेत." तरीही काका आधी कारखान्यात गेले. हजेरी लावली, एकाच्या बोटाला पट्टी केली, उपकरणं उकळायला ठेवली. पण विहीणबाई गप्प आहेत हे वाक्य काही डोक्यातून जाईना. अकराच्या सुटीत रफू केलेली विजार काखोटीला मारून ते निघाले.

विहीणबाई पुढच्या खोलीत पलंगावर होत्या, पाय उशीवर. चेहरा पिठासारखा पांढरा, कपाळावर घाम, आणि डोळे मात्र टक्क जागे. काकांनी विजार पुढे केली. त्या अवस्थेतही त्यांनी ती हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि बोट फिरवलं.

"ठिगळ लावलंत," त्या म्हणाल्या. "मूळचं कापड कुठे गेलं?"

काकांनी विजार परत हातात घेतली. कापड नुसतं फाटलेलं नव्हतं, त्याचा तुकडा निघालेला होता. एवढा वेळ सुई चालवताना तो निळा तुकडा कुठे गेला असेल हे त्यांच्या मनात एकदाही आलं नव्हतं. कारखान्याच्या जमिनीवर तो नव्हता. धुतलेल्या पाण्यात नव्हता. सळईच्या टोकाने तो बरोबर आत नेला होता, मातीसकट, आणि त्यावर काकांनी कडेला कड बसवून सहा टाके घातले होते.

त्यांनी पट्टी सोडली. शिवण जशीच्या तशी होती, सुरेख. पण भोवतालची कातडी ताणून चकाकत होती, तिचा रंग पांढुरका आणि कडेला तांब्यासारखा तपकिरी झाला होता. टाक्यांमधून पाणचट, तपकिरी द्रव झिरपला होता. त्याला एक गोडसर, सडकट वास होता. काकांनी अंगठा पोटरीवर ठेवला आणि हलकेच दाबला. आत काहीतरी बारीक करकरलं, कापडात बांधलेलं मीठ दाबावं तसं.

ही करकर त्यांनी आयुष्यात एकदाच अनुभवली होती. वॉर्डात लागून वर्षही झालं नव्हतं तेव्हा थोरल्या नर्सबाईंनी त्यांचा अंगठा धरून एका गाडीवानाच्या मांडीवर टेकवला होता आणि म्हणाल्या होत्या, "हे विसरू नकोस. कातडीखाली हवा आहे. हा वायूचा गँगरीन. आता प्रत्येक तास मोजायचा." तो गाडीवान दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेवर नव्हता. कुठे गेला हे विचारायचा काकांना धीर झाला नव्हता.

त्यांनी शेजाऱ्याची गाडी बोलावली. लेक कपड्यांची पिशवी भरायला लागली तर तिला तशीच ओढून बाहेर काढलं. खिशातलं पेन काढून पोटरीवर, जिथे चकाकणारी कातडी संपत होती तिथे त्यांनी एक रेघ ओढली. विहीणबाईंनी विचारलं, हे काय. काका म्हणाले, डॉक्टरांना सोपं जाईल. खरं तर ते त्यांना स्वतःलाच बघायचं होतं. रस्त्यात दोन सिग्नल आणि एक खोदकाम लागलं. काका मागच्या सीटवर विहीणबाईंचा पाय मांडीवर घेऊन बसले होते आणि रेघेकडे बघत होते. इस्पितळाच्या दारात पोहोचेपर्यंत अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ झाला असेल. सूज रेघ ओलांडून एक बोट वर सरकली होती.

तातडीच्या विभागात तरुण डॉक्टरने नाडी धरली. एकशे तीस. ताप मात्र जेमतेम. रक्तदाब खाली. त्याने पायाकडे एकदा पाहिलं आणि सर्जन मॅडमना फोन लावला. त्या पाच मिनिटांत आल्या, काकांपेक्षा वीस वर्षांनी लहान, केस टोपीत कोंबलेले. त्यांनी दाबून पाहिलं, वास घेतला आणि ऑपरेशन थिएटर तयार करायला सांगितलं. मग विचारलं, हे टाके कोणी घातले.

लेक काकांच्या शेजारी उभी होती. विहीणबाई पलंगावरून बघत होत्या. शेजारच्या पडद्याआड कोणीतरी कण्हत होतं. काकांना वाटलं, कारखान्यात घातले एवढंच म्हणावं. तेही खोटं झालं नसतं.

"मी घातले," ते म्हणाले.

"तळ पाहिला होता?"

"नाही. त्यांना दुखलं म्हणून हात मागे घेतला. विजारीचा एक तुकडा सापडत नाहीये. मला वाटतं तो आत आहे. माती पण असेल. मी वरून बंद केलं, मॅडम."

लेकीने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग होता की अजून काही कळलंच नव्हतं, हे काकांना उमगेना, आणि ते न उमगणंच त्यांना जास्त लागलं. सर्जन मॅडम रागावल्या नाहीत. तुकडा आहे हे कळलं ते बरं झालं, म्हणाल्या, म्हणजे मी तो मिळेपर्यंत थांबणार नाही. मग नर्सकडे कात्री मागितली. थिएटरला अजून काही मिनिटं होती आणि जखम तोवरही बंद ठेवायची नव्हती.

विहीणबाई पलंगावरून म्हणाल्या, "यांनी घातलेत, यांनाच काढू द्या."

मॅडमनी काकांकडे पाहिलं, मग हातमोजे पुढे केले. काकांनी एकेक टाका उचलून कापला. हात थरथरत नव्हता, ही त्यांची कमाई होती आणि त्या क्षणी त्यांना तिची शरम वाटली. चौथ्या टाक्याला कडा आपोआप उघडल्या आणि तपकिरी पाणी बुडबुड्यांसकट बाहेर आलं. वास सगळ्या खोलीत पसरला. लेकीने तोंडावर हात धरला. आत दिसणारा स्नायू लाल नव्हता. शिजलेल्या मांसासारखा निस्तेज होता आणि त्यातून रक्त येत नव्हतं. सहावा टाका कापून काकांनी कात्री ट्रेमध्ये ठेवली.

त्या पाण्याचा एक थेंब काचेवर घेऊन प्रयोगशाळेत धाडला गेला. शिरेतून पेनिसिलिन आणि क्लिंडामायसिन सुरू झालं. थिएटरकडे ट्रॉली वळवता वळवता मॅडमनी बापलेकीला थोडक्यात सांगितलं. जावई परगावी कामावर होता, निघाला होता, पण यायला संध्याकाळ होणार होती.

हे जंतू मातीत सगळीकडे असतात, त्या म्हणाल्या. बी जशी पडून राहते तसे बीजाणू होऊन वर्षानुवर्षं पडून राहतात, ऊन, सुकणं, काही त्यांना मारत नाही. हवेत ते वाढत नाहीत. पण खोल जखमेत चिरडलेल्या, रक्त न पोहोचणाऱ्या मांसात प्राणवायू नसतो, वर माती आणि कापड असेल तर त्यांना आणखी बरं, आणि वरून तोंड बंद झालं तर त्यांचं घरच बांधून दिल्यासारखं. शेवटचं वाक्य त्या सहज बोलून गेल्या. मग काकांचा चेहरा पाहून क्षणभर थांबल्या, पण मागे घेतलं नाही.

लेकीने विचारलं, मग औषध चालू झालंय ना, कापायचं कशाला. तिचा आवाज काकांना लहानपणीचा वाटला.

"औषध रक्तातून जातं," मॅडम म्हणाल्या. "हे जंतू एक विष सोडतात, अल्फा टॉक्सिन. ते पेशीचं आवरणच फोडतं. स्नायूच्या पेशी मरतात, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आणि रक्तातल्या पेशींच्या गुठळ्या बनवून ते बारीक वाहिन्या तुंबवतं. मग त्या भागात रक्त जात नाही. रक्त नाही म्हणजे औषध नाही, आणि आपल्या पांढऱ्या पेशीही तिथे पोहोचत नाहीत. तेवढं मांस मरतं, त्यात जंतू आणखी वाढतात, आणखी विष. हृदयावरही परिणाम होतो. म्हणून मेलेलं सगळं काढून टाकावं लागतं, जिथे रक्त येतं तिथपर्यंत."

दार बंद झालं आणि वर लाल दिवा लागला.

बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची एक रांग होती. लेक एका टोकाला बसली, काका दुसऱ्या. मधल्या चार खुर्च्या रिकाम्या. काकांना वाटत होतं जवळ जावं, डोक्यावरून हात फिरवावा, आणि त्याच हाताकडे बघून ते बसून राहत होते. एकदा पाणी आणायला उठले, परत आले तेव्हा बाटली लेकीच्या शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि पुन्हा टोकाला गेले. तिने बाटली उघडली नाही. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ एक मिनिट पुढे होतं की मागे हे काका आपल्या मनगटाशी ताडून बघत राहिले, काहीतरी करायला हवं म्हणून.

बऱ्याच वेळाने लेक म्हणाली, "सकाळी सातला फोन केला होता मी."

"हो," काका म्हणाले.

"तुम्ही हसला होता का काल? फोन ठेवल्यावर?"

तिला बापाची सवय ठाऊक होती. काका हो म्हणाले. यापेक्षा कोणी थोबाडीत मारली असती तर बरं, असं त्यांना वाटलं. थोड्या वेळाने तिने बाटली उघडून दोन घोट घेतले.

पावणेदोन तासांनी मॅडम बाहेर आल्या. त्यांच्या हातात स्टीलची छोटी वाटी होती आणि वाटीत चिखल आणि रक्तात भिजलेला निळा तुकडा. हाडाला लागून बसला होता, म्हणाल्या. काकांनी वीण ओळखली. पोटरीचा मोठा स्नायू पूर्ण काढावा लागला होता, मागच्या भागातला बाकीचाही बराचसा. चिमट्याने दाबलं तर आकसत नाही, कापलं तर रक्त येत नाही, ते सगळं काढलंय. प्रयोगशाळेतूनही कळलं होतं: काचेवर जाडसर, आखूड काड्यांसारखे जंतू खच्चून भरलेले, आणि त्यांच्याशी लढायला हव्यात त्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीतच. जखम उघडीच ठेवली आहे. उद्या सकाळी पुन्हा बघू.

रात्री जावई आला. तो आईजवळ बसला आणि काका कॉरिडॉरमध्ये. कोणी त्यांना घरी जा म्हटलं नाही, थांबा असंही म्हटलं नाही.

सकाळी थिएटरमध्ये नेऊन आणल्यावर मॅडमनी सगळ्यांना पलंगाशी बोलावलं. रात्रीत गुडघ्याच्या खालचे उरलेले स्नायू काळवंडले होते आणि लघवीचा रंग गडद झाला होता, म्हणजे रक्तातल्या पेशी फुटत होत्या. रक्त चढवणं चालू होतं. मांडीला अजून काही नव्हतं. पाय गुडघ्याच्या वर आजच काढला तर जीव वाचायची चांगली आशा आहे. थांबलो तर मांडी जाईल आणि मग काढायला जागा उरणार नाही. जावयाने तोंड फिरवलं.

विहीणबाई शुद्धीवर होत्या. या आजारात माणूस शेवटपर्यंत शुद्धीवर असतो असं थोरल्या नर्सबाई म्हणायच्या, आणि काकांना तेव्हा ते क्रूर वाटलं होतं. विहीणबाईंनी मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि काकांना जवळ बोलावलं.

"व्याहीबुवा, तुमचा पाय असता तर?"

काकांना त्या क्षणी खोटं बोलता आलं नसतं. तेवढं त्यांच्यात उरलं नव्हतं. "कापा म्हटलं असतं."

"आज?"

"आत्ता."

"मग सांगा त्यांना," विहीणबाई म्हणाल्या आणि कागद मागितला. सही करताना पेन जिथे टेकायला हवं तिथून थोडं खाली टेकलं, तर त्यांनी ते उचलून नेमक्या रेघेवर ठेवलं.

त्या दिवसाबद्दल काका पुढे कधी फारसं बोलले नाहीत. संध्याकाळी नाडी एकशे दहावर आली, पहाटे शंभरावर. लघवी निवळली. तिसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, मांडी स्वच्छ आहे. लेक त्या दिवशी काकांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. खांद्याला खांदा टेकला आणि डोळे मिटून झोपली. काका दोन तास हलले नाहीत, मुंग्या आल्या तरी.

मांडीचं टोक मॅडमनी आठवडाभर उघडंच ठेवलं, रोज धुवून, ओल्या जाळीदार पट्टीने झाकून. काका रोज यायचे, पट्टीच्या वेळी दाराशी उभे राहायचे. उघडं मांस गुलाबी होत चाललेलं बघायचे. सत्तावीस वर्षं ज्या दृश्याला ते अपूर्ण काम म्हणत आले होते ते आता त्यांना बघत राहावंसं वाटायचं. कारखान्यात डॉक्टरांना त्यांनी सगळं लिहून दिलं होतं. मध्यंतरी साच्याच्या विभागातला एक कामगार तळपायात खिळा गेला म्हणून आला आणि म्हणाला, काका, झटकन एक टाका मारा. काकांनी बुटाचा तळवा तपासला, मोज्याचं भोक तपासलं, जखम न शिवता वर नुसती जाळीदार पट्टी गुंडाळली आणि गाडी बोलावून त्याला इस्पितळात धाडलं. कामगार बाहेर जाऊन सांगू लागला की काकांचा हात गेला. काकांनी ते ऐकलं.

आठव्या दिवशी मॅडमनी जखम बंद केली. दुसऱ्या दिवशी काका आत गेले तेव्हा विहीणबाई उशीला टेकून बसल्या होत्या, चेहऱ्यावर रंग आला होता आणि नर्सला चहा पातळ झाल्याबद्दल समजावत होत्या. चादर एका बाजूला सपाट होती. काका तिकडे बघायचं टाळून खिडकीकडे बघू लागले.

"इकडे या," विहीणबाई म्हणाल्या आणि पट्टीची कड उचलली. "बघा कसे घातलेत. गोणी शिवल्यासारखे. म्हटलं होतं ना मी?"

काकांनी वाकून पाहिलं. जाड काळा दोरा. टाके लांब लांब, अंतरं वेगवेगळी, एक तर चक्क तिरका. कडा घट्ट ओढलेल्या नव्हत्या, मधून एक बारीक रबराची नळी पाणी वाहून जायला बाहेर काढून ठेवली होती. त्यातून आलेलं पाणी स्वच्छ होतं. काकांनी नकळत वास घेतला. औषधाचा वास होता, दुसरा कसलाच नाही. त्यांनी परवानगी विचारली नाही. अंगठा मांडीच्या टोकावर, टाक्यांच्या वर, हलकेच टेकवला आणि दाबला. आत काही करकरलं नाही. मऊ, उबदार मांस होतं, नुसतं.

"फार छान आहेत," ते म्हणाले.

विहीणबाईंनी मग पट्टी खाली केली, चादर सारखी केली.

"बसा," त्या म्हणाल्या. "चहा पातळ आहे, पण घ्या."